सातपूरच्या कंपनीला चार कोटी हवेत: एका बहुपर्यायी प्रश्नाची चिरफाड

नाशिकमधल्या एका कॉमर्सच्या क्लासमध्ये बारावी आणि एफ.वाय.बी.कॉम.च्या मुलांसाठी घेतलेल्या सराव चाचणीतला हा उतारा आहे. कंपनी काल्पनिक आहे, पण सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत तिच्यासारख्या कंपन्या शोधायला फार फिरावे लागणार नाही.

> सातपूर येथील एक पब्लिक लिमिटेड कंपनी मोटारींचे सुटे भाग बनवते. तिचे शेअर शेअरबाजारात नोंदलेले नाहीत. समभाग भांडवल ४ कोटी रुपये (प्रत्येकी १० रुपयांचे ४० लाख शेअर), राखून ठेवलेला नफा ३ कोटी रुपये, दीर्घ मुदतीचे कर्ज नाही. व्याज व कर भरण्यापूर्वीचा सध्याचा वार्षिक नफा १ कोटी २० लाख. सिन्नरला दुसरा कारखाना उभारण्यासाठी ४ कोटी रुपये लागणार असून त्यानंतर हा नफा २ कोटींवर जाईल असा अंदाज आहे. कराचा दर २५ टक्के धरावा. कंपनीसाठी सर्वात योग्य स्रोत कोणता?
>
> (अ) १० रुपये दराने ४० लाख नवे समभाग
> (ब) ९ टक्के दराचे ४ कोटींचे संचयी अग्रहक्क भाग
> (क) १० टक्के दराचे ४ कोटींचे सुरक्षित कर्जरोखे
> (ड) राखून ठेवलेला नफा

उत्तरपत्रिकेत उत्तर होते (ड), आणि कारण दिले होते एका ओळीत: या स्रोतावर व्याज नाही, लाभांश नाही, म्हणून खर्च नाही. वर्गातल्या बऱ्याच मुलांनी हेच लिहिले होते. काहींनी (क) लिहून गुण गमावले आणि त्यांनी वाद घातला. वाद रास्त होता. मात्र (क) हे उत्तरही प्रश्न आहे त्या शब्दांत पूर्णपणे सिद्ध होत नाही. असे का, ते आकड्यांनीच पाहू.

तीन कोटी आहेत, पण कुठे?

(ड) निवडणाऱ्याने आधी एवढेच पाहायला हवे होते की गरज ४ कोटींची आहे आणि राखीव ३ कोटींचा आहे. पर्याय तिथेच तोकडा पडतो. पण खरी अडचण त्याहून मोठी आहे, आणि ती ताळेबंदाची दुसरी बाजू पाहिल्याशिवाय दिसत नाही. प्रश्नात ती बाजू दिलेलीच नव्हती. ती अशी असू शकते असे समजू: यंत्रे व इमारत ४ कोटी १० लाख, मालसाठा १ कोटी ३० लाख, गिऱ्हाइकांकडून येणे १ कोटी ४० लाख, बँकेतील शिल्लक ७० लाख. एकूण साडेसात कोटी. देण्याच्या बाजूला भांडवल ४ कोटी, राखून ठेवलेला नफा ३ कोटी आणि कच्च्या मालवाल्यांचे देणे ५० लाख. दोन्ही बाजू जुळल्या.

आता राखून ठेवलेले ३ कोटी दाखवा, असे कुणी म्हटले तर काय दाखवणार? गेल्या काही वर्षांत तो नफा लेथ मशीनमध्ये, गोदामातल्या मालात आणि गिऱ्हाइकांच्या उधारीत गेलेला आहे. राखीव हे मालकांचा हक्क दाखवणारे खाते आहे, पैशाची जागा दाखवणारे नाही. रोख म्हणून हातात आहेत ७० लाख. त्यातले ४० लाख पगार, वीजबिल आणि कच्च्या मालासाठी फिरते ठेवावे लागले, तर सिन्नरसाठी उरतात ३० लाख.

मग यापुढचा नफा साठवला तर? सध्याच्या १ कोटी २० लाखांवर २५ टक्के कर गेला की ९० लाख उरतात. कंपनी शेअरमागे १ रुपया लाभांश देत असेल, तर ४० लाख त्यात जातात आणि ५० लाख राहतात. उरलेले ३ कोटी ७० लाख या वेगाने जमवायला सात वर्षांहून जास्त काळ लागेल. लाभांश पूर्ण बंद केला तरी चार वर्षे. (घसारा हा रोख खर्च नसल्यामुळे तेवढे पैसेही हातात राहतात, हे खरे. पण जुनी यंत्रे बदलायला तेच लागतात, म्हणून ते इथे धरलेले नाहीत.) म्हणजे या कंपनीसाठी (ड) हा पूरक स्रोत ठरू शकतो, चार कोटींचा स्रोत नाही.

राहिला 'खर्च नाही' हा दावा. बारावीच्या पातळीवर राखून ठेवलेल्या नफ्याचा गुण म्हणून जे शिकवले जाते ते बरोबर आहे: भाग विक्रीचा खर्च नाही, माहितीपत्रक नाही, दलाली नाही, तारण नाही, ठरावीक व्याज नाही. चूक होते ती याचा अर्थ 'फुकट' असा लावला की. तो नफा भागधारकांचा आहे. तो वाटला असता तर त्यांनी तो दुसरीकडे गुंतवला असता आणि समभागांइतकीच जोखीम घेऊन समभागांइतकाच परतावा मागितला असता. त्यामुळे वित्त विषयात या स्रोताचा खर्च समभागांच्या खर्चाइतका किंवा विक्रीखर्च वाचल्यामुळे त्याहून थोडा कमी धरतात. पुढच्या परीक्षांत 'सर्वात कमी भांडवली खर्चाचा स्रोत' विचारला तर उत्तर कर्जरोखे येते, आणि 'कोणत्या स्रोताला उभारणीचा खर्च येत नाही' विचारले तर राखून ठेवलेला नफा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण 'सर्वात स्वस्त स्रोत कोणता' असे मोघम विचारले, तर चांगला विद्यार्थी अडकतो आणि पाठ करणारा सुटतो.

उरलेले तीन, एकाच मापाने

आता समभाग, अग्रहक्क भाग आणि कर्जरोखे यांची तुलना. प्रश्नात कुणाच्या दृष्टीने 'योग्य' हे सांगितलेले नाही, पण अशा प्रश्नात सहसा सध्याच्या समभागधारकांची बाजू घेतात आणि दर शेअरमागची मिळकत काढतात. क्रम पक्का लक्षात ठेवावा: नफ्यातून आधी व्याज वजा, मग कर, मग अग्रहक्क लाभांश, आणि उरलेल्या रकमेला समभागांच्या संख्येने भागायचे. बहुतेक चुका अग्रहक्क लाभांश कराच्या आधी वजा केल्यामुळे होतात. व्याज हा कंपनीचा खर्च आहे, म्हणून त्यावर कर वाचतो. लाभांश हा नफ्याचा वाटा आहे, तो कर भरून झाल्यावरच मिळतो.

नफा २ कोटी झाला असे धरू. समभाग काढले तर व्याज नाही. कर ५० लाख, उरले दीड कोटी, आणि शेअर झाले ८० लाख. शेअरमागे १.८८ रुपये. अग्रहक्क भाग काढले तर करानंतरच्या दीड कोटीतून ३६ लाख लाभांश गेला, १ कोटी १४ लाख उरले, शेअर ४० लाखच राहिले. शेअरमागे २.८५ रुपये. कर्जरोखे काढले तर आधी ४० लाख व्याज गेले, १ कोटी ६० लाखांवर ४० लाख कर, उरले १ कोटी २० लाख. शेअरमागे बरोबर ३ रुपये.

इथपर्यंत (क) जिंकतो. पण मोटारींच्या सुट्या भागांचा धंदा मोठ्या कंपन्यांच्या ऑर्डरवर चालतो. मागणी घटली आणि नफा ६० लाखांवर आला, तर तेच गणित पुन्हा मांडून पाहा.

| व्याज व करापूर्वीचा नफा | समभाग | अग्रहक्क भाग | कर्जरोखे |
|---|---|---|---|
| २ कोटी | १.८८ रु. | २.८५ रु. | ३.०० रु. |
| १ कोटी २० लाख | १.१३ रु. | १.३५ रु. | १.५० रु. |
| ६० लाख | ०.५६ रु. | ०.२३ रु. | ०.३८ रु. |

शेवटच्या ओळीत क्रम फिरला. वाईट वर्षात समभाग सर्वात चांगले दिसतात, कारण त्यांना काही देण्याची सक्ती नसते. हा क्रम कुठे फिरतो तो नफाही काढता येतो. समभाग आणि कर्जरोखे यांची मिळकत सारखी करणारा नफा ८० लाख येतो: तिथे समभागांच्या पर्यायात करानंतर ६० लाख ८० लाख शेअरांत वाटले जातात, कर्जरोख्यांत ३० लाख ४० लाख शेअरांत. दोन्हीकडे ७५ पैसे. समभाग आणि अग्रहक्क भागांसाठी हीच पातळी ९६ लाख येते. कंपनी आजच १ कोटी २० लाख कमावते, म्हणजे सिन्नरचा कारखाना पहिल्या वर्षी रुपयाही न देता पडून राहिला तरी ती या दोन्ही पातळ्यांच्या वर आहे. (क) च्या बाजूने हा मोठा मुद्दा आहे, आणि वाद घालणाऱ्या मुलांपैकी कुणीतरी तो मांडायला हवा होता.

दहा रुपयांना शेअर का विकायचा?

प्रश्नात एक गोष्ट मुकाट्याने गृहीत धरली होती, तिच्यावर इथे जरा थांबायला हवे. भांडवल आणि राखीव मिळून भागधारकांचे ७ कोटी कंपनीत आहेत. ४० लाख शेअरांना भागले तर प्रत्येक शेअरची पुस्तकी किंमत साडेसतरा रुपये होते. असा शेअर नव्या माणसाला १० रुपयांत देणे म्हणजे जुन्या भागधारकांच्या वाट्यातून त्याला बक्षीस देणे. प्रश्न रचणारे सोयीसाठी दर्शनी किंमत धरतात, आणि त्यामुळे समभागांचा पर्याय उगाचच वाईट दिसतो.

आता शेअर २० रुपयांना, म्हणजे १० रुपये अधिमूल्याने विकला असे धरा. चार कोटींसाठी २० लाख नवे शेअर पुरतात, एकूण ६० लाख. २ कोटी नफ्यावर शेअरमागे १.८८ ऐवजी अडीच रुपये मिळतात. कर्जरोख्यांशी बरोबरी करणारी पातळीही ८० लाखांवरून थेट १ कोटी २० लाखांवर जाते, म्हणजे नेमक्या आजच्या नफ्यावर. सिन्नरचा कारखाना कमवायला लागेपर्यंत दोन्ही पर्याय सारखेच, आणि आजच्या नफ्यातही घट झाली तर समभाग पुढे. उताऱ्यातला एकच आकडा बदलला आणि 'योग्य' उत्तराची खात्री गेली. म्हणून विक्रीची किंमत न देता 'सर्वात योग्य' विचारणारा प्रश्न अपुरा म्हणावा लागतो.

अग्रहक्क भाग नेहमीच मागे का राहतात

तक्त्यात अग्रहक्क भाग कर्जरोख्यांच्या पुढे एकदाही गेले नाहीत. दोन्हींत समभागांची संख्या ४० लाखच राहते, म्हणून फरक फक्त करानंतरच्या ओझ्याचा आहे. कर्जरोख्यांचे ४० लाख व्याज कर वाचल्यामुळे ३० लाखांना पडते. अग्रहक्क लाभांश ३६ लाख तो ३६ लाखच. १० टक्क्यांच्या कर्जरोख्यांशी बरोबरी करायला अग्रहक्क भागांचा दर साडेसात टक्के असायला हवा होता. नऊ हा दहापेक्षा लहान दिसतो, आणि सापळा तोच आहे. प्रत्यक्षात तर उलटे व्हायला हवे: कर्जरोखेधारकापेक्षा अग्रहक्क भागधारक जास्त जोखीम घेतो, तेव्हा तो सहसा जास्तच दर मागेल.

मग हा स्रोत कशासाठी? नफा अगदी ३० लाखांवर घसरला, तर ते कळते. कर्जरोखे असतील तर ४० लाख व्याज द्यावेच लागते, तोटा झाला तरी. चुकले तर तारणावर टाच येऊ शकते. अग्रहक्क भाग असतील तर करानंतर साडेबावीस लाख उरतात. ३६ लाखांचा लाभांश त्यात बसत नाही, पण संचालक मंडळाने तो जाहीर केला नाही तर कंपनीने कर्ज बुडवले असे होत नाही. भाग संचयी असल्यामुळे थकबाकी पुढे जाते आणि समभागधारकांना काही देण्याआधी ती फेडावी लागते, इतकेच.

याच ठिकाणी चाचणीत दुसरा प्रश्न होता: 'अग्रहक्क भागधारकांना मतदानाचा हक्क नसतो. चूक की बरोबर?' उत्तरपत्रिकेत 'बरोबर'. कंपनी कायदा २०१३ चे कलम ४७ पाहिले तर ते विधान चूक आहे. त्यांच्या हक्कांवर थेट परिणाम करणाऱ्या ठरावांवर, तसेच कंपनी गुंडाळण्याच्या आणि भांडवल परत करण्याच्या किंवा कमी करण्याच्या ठरावांवर त्यांना मत देता येते. आणि लाभांश दोन वर्षे किंवा अधिक काळ थकला, तर सर्वच ठरावांवर. (प्रायव्हेट कंपनीला आपल्या नियमावलीत वेगळी तरतूद करता येते, आपली कंपनी पब्लिक आहे.) म्हणजे सातपूरच्या मालकांनी सलग दोन वर्षे लाभांश टाळला, तर 'मालकी हातची जात नाही' हा अग्रहक्क भागांचा गुण तिथे ढिला पडतो. विधानात 'सर्वसाधारणपणे' हा एक शब्द असता तर उत्तरपत्रिका बरोबर ठरली असती.

जुन्या प्रश्नसंचांत 'अविमोचनीय', म्हणजे कधीच परत न करायचे अग्रहक्क भाग अजून पर्यायात दिसतात. कलम ५५ नुसार कंपनीला तसे भाग काढताच येत नाहीत. पायाभूत सुविधांचे प्रकल्प सोडले तर ते २० वर्षांच्या आत परत करावेच लागतात, आणि तेही लाभांशासाठी उपलब्ध असलेल्या नफ्यातून किंवा त्यासाठीच काढलेल्या नव्या भागांच्या पैशातून.

कर्जरोख्यांचे जे तक्त्यात येत नाही

शेअरमागची मिळकत व्याज मोजते, मुद्दल मोजत नाही. (क) लिहिणाऱ्या मुलांच्या उत्तरातही हीच उणीव होती. समजा, चार कोटींचे कर्जरोखे पाच वर्षांत सारख्या हप्त्यांनी फेडायचे आहेत. दर वर्षी ८० लाख मुद्दल. नफा २ कोटी असेल, तर व्याज व कर गेल्यावर १ कोटी २० लाख उरतात, त्यातून ८० लाख निघतात. पण कारखाना रखडला आणि नफा १ कोटी २० लाखांवरच राहिला, तर पहिल्याच वर्षी उरतात ६० लाख आणि हप्ता ८० लाखांचा. तक्त्यात त्याच ओळीत कर्जरोखे दीड रुपया मिळवून सर्वात पुढे आहेत, आणि रोखीच्या हिशेबात २० लाखांचा खड्डा आहे. तो घसाऱ्यापोटी राहिलेल्या पैशातून बुजवावा लागेल, म्हणजे यंत्रे बदलणे पुढे ढकलावे लागेल. हप्त्यांऐवजी सगळी परतफेड आठव्या किंवा दहाव्या वर्षी ठेवली तर हा ताण टळतो. सुरक्षित कर्जरोख्यांची मुदत साधारणपणे १० वर्षांपलीकडे नेता येत नाही.

शिवाय तारण म्हणून मालमत्तेवर बोजा येतो आणि तो ३० दिवसांत कंपनी निबंधकाकडे नोंदवावा लागतो. सातपूरची जागा-यंत्रे एकदा या बोजाखाली गेली की उद्या बँकेकडून खेळते भांडवल घेताना तारण द्यायला काय उरते, हा प्रश्न मालकाला लगेच पडेल, परीक्षेत मात्र तो कुणी विचारत नाही.

आणखी एक जुना आकडा उत्तरपत्रिकांत रेंगाळतो: कर्जरोखे परतफेड राखीव २५ टक्के. ऑगस्ट २०१९ मध्ये नियम बदलले. शेअरबाजारात नोंदलेल्या कंपन्यांना आता हा राखीव लागत नाही, आणि आपल्यासारख्या न नोंदलेल्या कंपनीला थकीत कर्जरोख्यांच्या १० टक्के, म्हणजे इथे ४० लाख, लाभांशासाठी उपलब्ध नफ्यातून बाजूला काढावे लागतात. तेवढी रक्कम लाभांश म्हणून वाटता येत नाही. २५ टक्के हे उत्तर अपेक्षित असलेला प्रश्न २०१९ पूर्वीचा समजावा.

दुरुस्त केलेला प्रश्न

चाचणीतला प्रश्न टाकून देण्यासारखा नव्हता, त्याला अटी जोडायला हव्या होत्या. एका उत्तरावर येणारे रूप असे होते:

> वरील कंपनीकडे विस्तारासाठी ३० लाख रुपयेच रोख उपलब्ध आहेत. नवे समभाग १० रुपयांनाच विकले जातील, आणि कर्जरोख्यांची परतफेड दहाव्या वर्षी एकरकमी आहे. सध्याच्या समभागधारकांची दर शेअरमागील मिळकत जास्तीत जास्त ठेवायची असेल आणि व्याज व करापूर्वीचा नफा १ कोटी २० लाखांच्या खाली जाणार नाही असे गृहीत धरले, तर ४ कोटी उभारण्यासाठी चारपैकी कोणता स्रोत निवडावा?

उत्तर (क). (ड) रोखीच्या अटीमुळे बाद होतो. (ब) बाद होतो कारण त्याचे करानंतरचे ओझे ३६ लाख आहे आणि (क) चे ३० लाख. (अ) बाद होतो कारण नफ्याची किमान पातळी ८० लाखांच्या वर आहे. त्याच उताऱ्यावर जोडप्रश्न विचारता येतो: 'नफा ७० लाखांपर्यंत घसरू शकतो असे दिसले, तर त्या वर्षी कोणता पर्याय पुढे राहील?' तिथे उत्तर (अ) येते: समभागांची मिळकत ६६ पैसे, कर्जरोख्यांची ५६ पैसे, अग्रहक्क भागांची ४१ पैसे. अग्रहक्क भागांसाठी ज्याला ६४ पैसे आले, त्याने ३६ लाख कराआधी वजा केले आहेत, आणि ८५ पैसे ज्याला आले तो कर वजा करायलाच विसरला आहे का, हे त्याच्या कच्च्या कामात पाहावे.